श्वासाची मजुरी

श्वास घेण्याला मजुरी पडते, असे कोणी म्हटले तर निरोगी माणसाला ते खरे वाटणार नाही. आपण झोपेत श्वास घेतो, बोलताना घेतो, परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर हाती पडेपर्यंतही घेतो. तो घेतल्याचा थकवा म्हणून कधी येत नाही. परंतु श्वास हेही स्नायूंनी केलेले कामच आहे. ते मोजता येते, त्याला इंधन लागते, आणि फुप्फुस ताठ झाले की तेच काम माणसाला दिवसाढवळ्या बसल्या जागी दमवून टाकते.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध सुटला. या विषयाकडे मी वळलो तो माझ्या मामांमुळे. मामांनी ऐन उमेदीची बावीस वर्षे एका ओतकाम कारखान्यात वाळूचे साचे बनवण्यात आणि ओतलेल्या मालावरची वाळू झाडण्यात घालवली. आपल्या नाशिककडचा काळा दगड फोडताना धूळ पुष्कळ उडते, पण त्यात मोकळी गारगोटी फार थोडी असते. ओतकामाची वाळू मात्र जवळजवळ सगळी गारगोटीच. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथे कायमचे राहतात. त्यांच्याभोवती शरीर व्रणासारखी चिवट गाठ बांधते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. अशा हजारो गाठी झाल्या की मूळचे स्पंजासारखे फुप्फुस चामड्यासारखे ताठ होते. नव्या रबरी फुग्याऐवजी सायकलची जुनी, कडक झालेली ट्यूब तोंडाने फुगवून पाहा, म्हणजे मामांच्या छातीत काय होत असेल याची थोडी कल्पना येईल.

मामा बसल्या जागी मिनिटाला अठ्ठावीसच्या आसपास श्वास घेतात, आणि तेही उथळ. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा त्यांना एकच सल्ला देतो : "मामा, एवढी घाई नका करू. सावकाश, खोल श्वास घ्या." सल्ला मायेचा असतो. मामा तो दोन मिनिटे पाळतात आणि अधिकच दमतात. असे का व्हावे, हाच या लेखाचा विषय आहे. त्यासाठी थोडे गणित करावे लागेल. पण ते सातवी-आठवीच्या पलीकडचे नाही.

आधी कामाचे माप ठरवू. श्वास आत घेताना छातीच्या तळाचे मध्यपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात आणि फुप्फुस ताणले जाते. हा ताण डॉक्टर लोक पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. पाण्याच्या ग्लासात नळी बुडवून पाच सेंटिमीटर उंच पाणी ओढायला जेवढा जोर लागतो, तो पाच सेंटिमीटरचा दाब. निरोगी माणसाचे फुप्फुस आणि छातीचा पिंजरा मिळून इतके मऊ असतात, की एका सेंटिमीटरच्या दाबाला सुमारे १०० मिलिलिटर हवा आत येते. साधा श्वास ५०० मिलिलिटरचा, म्हणजे अर्ध्या लिटरचा. त्याला पाच सेंटिमीटर दाब पुरतो.

आता काम म्हणजे दाब गुणिले हवा. दाब शून्यापासून सुरू होऊन पाचपर्यंत चढतो, म्हणून सरासरी अडीच धरायची. अडीच गुणिले अर्धा लिटर, म्हणजे सव्वा एकक. एक लिटर हवा एका सेंटिमीटरच्या दाबाने ओढण्याचे काम आणि एक किलोचे वजन एक सेंटिमीटर उचलण्याचे काम, ही दोन्ही अगदी सारखी आहेत. म्हणून आपले एकक डोळ्यांपुढे आणायला किराण्याची एक किलोची पिशवी पुरे. निरोगी माणूस मिनिटाला बारा श्वास घेतो. बारा गुणिले सव्वा म्हणजे पंधरा. दर मिनिटाला एक किलोची पिशवी पंधरा सेंटिमीटर उचलली, एवढीच ही मेहनत. ती जाणवत नाही यात नवल नाही.

मामांचे फुप्फुस तिप्पट ताठ झाले आहे असे धरू. आता तेच ५०० मिलिलिटर आत घ्यायला पाचऐवजी पंधरा सेंटिमीटर दाब हवा. एका श्वासाचे काम पावणेचार एकके, आणि बारा श्वासांचे पंचेचाळीस. पाहुण्यांच्या सल्ल्याप्रमाणे सावकाश आणि खोल श्वास घेतला तर ही किंमत आहे. शिवाय प्रत्येक श्वासाला पंधराचा जोर लावायचा, म्हणजे प्रत्येक खेपेला तिप्पट ओझे उचलायचे.

मग श्वास लहान का करू नये? इथे एक गोम आहे. नाकापासून शेवटच्या बारीक नळीपर्यंतची वाट ही नुसती वाट आहे. तिथे रक्ताशी हवेची देवघेव होत नाही. या वाटेत सुमारे १५० मिलिलिटर हवा मावते. प्रत्येक श्वासातली एवढी हवा तिथेच अडकते आणि तशीच बाहेर पडते. ती दर खेपेला द्यावी लागणारी जकात समजा. श्वास ५०० चा असेल तर ३५० हवा वायुकोशांपर्यंत पोचते. बारा श्वासांत ४,२०० मिलिलिटर. शरीराला बसल्या जागी एवढी कामाची हवा दर मिनिटाला हवी, असे धरून चालू.

श्वास ३०० मिलिलिटरचा केला तर जकात तीच १५०, हाती उरतात १५०. तेवढ्यावर ४,२०० भरायचे तर मिनिटाला अठ्ठावीस श्वास हवेत. पण एका श्वासाला दाब फक्त नऊ सेंटिमीटर लागतो, आणि अठ्ठावीस श्वासांचे मिळून काम होते सुमारे अडतीस. पंचेचाळीसपेक्षा हे स्वस्त! म्हणजे मामांचे शरीर जे आपोआप करते आहे ते भीतीने किंवा सवयीने नव्हे. त्याने हिशेब करून सर्वांत कमी खर्चाची जागा शोधली आहे. हा हिशेब इच्छेवर चालत नाही. फुप्फुसातल्या मज्जातंतूंची टोके ताण किती पडला याची खबर मेंदूच्या तळाशी पोचवतात आणि तिथे श्वासाचे माप ठरते.

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात ओटिस, फेन आणि राहन या तिघा शास्त्रज्ञांनी हा हिशेब १९५० साली सविस्तर मांडला. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या वैमानिकांच्या श्वसनाचा अभ्यास करताना ते या प्रश्नाकडे आले होते. ठराविक हवा पोचवायला श्वासाचा एक वेग असा असतो की तिथे काम सर्वांत कमी पडते. त्याच्याहून सावकाश घेतला तरी महाग, जलद घेतला तरी महाग, असे त्यांनी दाखवले. ज्याच्या नळ्या अरुंद झाल्या आहेत अशा दमेकऱ्याला ही स्वस्त जागा सावकाश श्वासात सापडते, कारण त्याची अडचण हवा वेगाने रेटण्यात आहे. ताठ फुप्फुसाची अडचण ताणण्यात आहे, म्हणून त्याची स्वस्त जागा जलद श्वासाकडे सरकते. पाहुण्यांचा सल्ला चुकतो तो इथेच. तो दुसऱ्या रोगाचा सल्ला आहे.

आता कोणी विचारील, मामांच्या शरीराने स्वस्त जागा शोधली, तर मग मामा दमतात का? याला माझ्या समजुतीप्रमाणे तीन कारणे आहेत, आणि ती एकात एक गुंतलेली आहेत.

पहिले अगदी उघड आहे. स्वस्त म्हटले तरी ते अडतीस आहे, पंधरा नव्हे. अडीच पटीची मजुरी चोवीस तास, रात्रीसुद्धा, सुट्टी नाही. दिवसाचा हिशेब केला तर निरोगी माणूस सिमेंटची पन्नास किलोची एक गोणी सव्वाचार मीटर वर नेण्याइतके काम करतो, म्हणजे एक मजला आणि थोडे वर. मामांचे तेच काम जवळजवळ अकरा मीटरचे होते, साडेतीन मजल्यांचे. यात हवेच्या घर्षणाचे काम धरलेलेच नाही. आणि स्नायू हे काही काटकसरी यंत्र नव्हे. श्वासाचे स्नायू खाल्लेल्या इंधनापैकी फार थोडा भाग कामात उतरवतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून प्रत्यक्ष खर्च या आकड्यांच्या कितीतरी पट असतो.

इथे मला आमच्या गावाचे उदाहरण आठवते. एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७० साली सुरू झाला. आमच्या गावात लहान मुलालाही ठाऊक असते की केंद्रात तयार होणारी सगळी वीज तारांवर चढत नाही. कोळसा दळणाऱ्या गिरण्या, पाण्याचे पंप, धूर ओढणारे अजस्र पंखे, यांना केंद्राचीच वीज लागते. कामगार तिला 'ऑक्झिलरी' म्हणतात. अशा कोळशाच्या केंद्रात ती साधारण नऊ-दहा टक्क्यांच्या घरात असते. श्वासाचे स्नायू ही आपल्या शरीराची ऑक्झिलरी आहे. मिळवलेल्या प्राणवायूपैकी निरोगी माणसाची ऑक्झिलरी बसल्या जागी पाच टक्क्यांच्याही आत असते. फुप्फुसाचा आजार बळावला की ती एक चतुर्थांशापर्यंत किंवा त्याहूनही पुढे जाऊ शकते. मग हातपाय हलवायला, अन्न पचवायला उरते काय? शिवाय वाढीव प्राणवायू मिळवायला पुन्हा श्वासच वाढवायचा. पंखे चालवण्यासाठी वीज, आणि ती वीज करण्यासाठी आणखी पंखे, असा हा फेरा आहे. असे रुग्ण भरपूर न हिंडताही वाळत जातात, याचे एक कारण यातच आहे.

दुसरे कारण जकातीत आहे. ५०० च्या श्वासात जकात तीस टक्के होती, ३०० च्या श्वासात ती पन्नास टक्के झाली. म्हणजे मामा जेवढी हवा ओढतात तिच्यातली निम्मी नुसती जाऊन येते. एकूण हवा सहा लिटरऐवजी आठ लिटर चारशे मिलिलिटर हलवावी लागते. आता समजा ताप आला, कफ दाटला किंवा जीव घाबरला, आणि श्वास आणखी उथळ होऊन २२५ वर आला. हाती उरले पंचाहत्तर. मिनिटाला छप्पन्न श्वास घेतले तरच ४,२०० भरतील. दाब कमी, पावणेसातच. पण ताणण्याचे काम अडतिसावरून पुन्हा वाढून सुमारे त्रेचाळीस होते. एकूण हवा साडेबारा लिटरच्या वर जाते, म्हणजे मूळच्या दुपटीहून अधिक. हवा दुप्पट हलवली की नळ्यांतल्या घर्षणाचे काम जवळजवळ चौपट होते. स्वस्त जागा अशी मागे पडते, आणि इथून पुढे प्रत्येक वाढीव श्वास तोट्याचा. खऱ्या आजारी फुप्फुसात तर काही वायुकोशांपर्यंत रक्तच नीट पोचत नाही. तिथे गेलेली हवाही जकातीतच जमा होते. आपला १५० चा आकडा मामांच्या बाबतीत उदारपणे कमी धरलेला आहे.

तिसरे कारण विश्रांतीचे. श्वास सोडताना मध्यपटल सैल पडते. त्या उसंतीत त्याला रक्त चांगले मिळते. मिनिटाला बारा श्वास म्हणजे एका श्वासाला पाच सेकंद, त्यातले तीनएक सेकंद विश्रांतीचे. अठ्ठावीस श्वासांत एका श्वासाला जेमतेम दोन सेकंद येतात, छप्पन्नात एक सेकंद. ओझे उचलणाऱ्या हमालाला प्रत्येक खेपेनंतर टेकू दिला नाही तर काय होईल, तेच या स्नायूचे होते. सतत उथळ श्वासाने आणखी एक नुकसान होते. फुप्फुसाच्या तळाचे काही वायुकोश नीट उघडतच नाहीत, मिटून बसतात, आणि ताठ फुप्फुस आणखी ताठ होते. म्हणूनच डॉक्टर दिवसातून काही वेळा, ठराविक मिनिटे, मोठा श्वास घेण्याचा व्यायाम सांगतात. २०२१ साली तीन चेंडूंचे प्लॅस्टिकचे यंत्र घरोघर दिसू लागले होते, ते याचसाठी. पण व्यायाम वेगळा आणि दिवसभर श्वास कसा घ्यावा ते वेगळे.

बसल्या जागची ही स्थिती. मामा उठून न्हाणीघरापर्यंत चालले, तर काय होते? चालण्याने गरज दुप्पट झाली असे धरू : ४,२०० ऐवजी ८,४०० मिलिलिटर कामाची हवा. निरोगी माणूस श्वास हवा तेवढा मोठा करू शकतो, आणि नुसते श्वास दुप्पट केले तरी त्याचे काम तीस एककांवर थांबते. मामांना श्वास मोठा करणे महाग आहे. ते ३५० पर्यंत नेतात आणि मिनिटाला बेचाळीस श्वास घेतात. काम होते सत्त्याहत्तर. पंधराच्या पाचपट! सहा पावलांवरचे न्हाणीघर त्यांना टेकडीसारखे का वाटते, याचे उत्तर मला या एका आकड्यात मिळाले. आंघोळीत तर आणखी पंचाईत होते. तांब्या डोक्यावर नेताना हात वर जातात, आणि खांद्याचे-मानेचे जे स्नायू श्वासाला हातभार लावत असतात तेच हाताच्या कामाला जुंपले जातात. म्हणून आता मामा स्टुलावर बसून अंग धुतात, बादली गुडघ्याशी, आणि प्रत्येक चार तांब्यांनंतर कोपरे मांडीवर टेकून थांबतात. कोपरे टेकली की मानेचे ते स्नायू पुन्हा श्वासाला मोकळे होतात. जेवतानाही तसेच. घास गिळताना क्षणभर श्वास थांबतो. ज्याला दर दोन सेकंदांनी श्वास हवा आहे त्याला तो क्षणही परवडत नाही. मामी पूर्वी भाकरी वाढत, आता पातळ भात थोडा थोडा, चार-पाच वेळा देतात.

२०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत नाशिक जिल्ह्याने श्वासाची किंमत पाहिली. त्या रोगातही फुप्फुसे सुजून, पाणी धरून ताठ होत. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. ज्यांची ऑक्झिलरी एवढी चढलेली असते त्यांच्याजवळ शिल्लक काहीच नसते. मिनिटे मोजावी लागतात. श्वासाचे यंत्र लावतात तेही नुसता प्राणवायू देण्यासाठी नव्हे. दाब देण्याची मजुरी यंत्र स्वतःवर घेते आणि थकलेल्या स्नायूंना टेकू मिळतो. यंत्र काढताना रुग्ण ही मजुरी पेलील की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत यांग आणि टोबिन या दोन डॉक्टरांनी १९९१ साली दिली. मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासाचे लिटर. उत्तर १०५ च्या वर गेले तर यंत्र काढणे बहुधा साधत नाही. मामांचे अठ्ठावीस भागिले ०.३ केले तर त्र्याण्णव येतात. छप्पन्न भागिले ०.२२५ केले तर जवळजवळ अडीचशे. आपण वर काढलेला तोट्याचा हिशेब आणि दवाखान्यातला हा आकडा एकच गोष्ट सांगतात.

त्या दिवसांत बोटाला लावायचे यंत्र घराघरात आले आणि चौऱ्याण्णवचा आकडा सर्वांना पाठ झाला. ते यंत्र रक्तात प्राणवायू किती हे सांगते. तो मिळवायला माणूस किती राबतो आहे, हे त्याला कळत नाही. ते कळायला घड्याळ पुरते. रुग्ण शांत बसला असताना, त्याला न सांगता (सांगितले की श्वास बदलतो), पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, चूक होते. मी वहीत तारीखवार आकडे लिहितो. मामांचा नेहमीचा आकडा सव्वीस ते अठ्ठावीस. एकदा तो सलग दोन दिवस चौतीस राहिला, यंत्र मात्र नेहमीसारखेच त्र्याण्णव दाखवत होते. डॉक्टरांनी तपासले तेव्हा छातीत संसर्ग निघाला. औषधांनी आठवड्यात आकडा पुन्हा सत्तावीसवर आला. कधी डॉक्टर प्राणवायूची नळी लावतात तेव्हाही श्वासांचा आकडा थोडा उतरतो. फुप्फुस मऊ झालेले नसते. मेंदूकडून येणारा तगादा तेवढा कमी होतो.

आकड्याबरोबर आणखी काही पाहावे लागते. श्वासागणिक मानेच्या दोरखंडासारख्या शिरा ताणल्या जातात का, एक वाक्य पुरे करताना दोनदा थांबावे लागते का, आणि छाती वर येताना पोट बाहेर येण्याऐवजी आत खेचले जाते का. हे शेवटचे चिन्ह मध्यपटल हरत असल्याचे आहे. आणि एक गोष्ट विशेष जपण्यासारखी. तासन्‌तास चाळीस-पंचेचाळीस श्वास घेणाऱ्या रुग्णाचे श्वास अचानक अठरा-वीसवर आले, तो गुंगीत गेला, बोलेनासा झाला, तर घरची माणसे म्हणतात, "बरे झाले, डोळा लागला." गरज तेवढीच असताना श्वास उतरले, याचा अर्थ मजूर कोसळला. त्या वेळी त्याला झोपू न देता तोंडाशी तोंड नेऊन हाक मारावी, उत्तर नीट येत नसेल तर तत्काळ १०८ ला फोन लावावा आणि गाडी येईपर्यंत पाठीला उशा देऊन बसते ठेवावे.